खव्याची भट्टी आणि अनुभवाचा रकाना

भट्टी बंद केल्यानंतरचं वर्षभर, तू सध्या काय करतेस असं कुणी विचारलं की मी "घरीच असते" म्हणायचे. खोटं नव्हतं ते. पण भूमसारख्या गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं की बार्शी रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये खव्याची भट्टी चालवणारी बाई ती मीच. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असायचं, मला ते माहीत असायचं, तरी दोघंही तिथंच थांबायचो.

सहा वर्षं मी ती भट्टी चालवली. विज्ञानाची पदवी घेऊन लग्नानंतर दोन वर्षं शाळेत तासिकेवर शिकवलं, ते सुटलं, आणि मग आत्याबाईंनीच, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विषय काढला. त्यांच्या माहेरी धनगरवस्तीवर पूर्वीपासून खवा आटवायचे. आमच्या भागात म्हशी बऱ्याच, पाऊस कमी, आणि दूध लांब पाठवायचं तर नासायची भीती. त्यामुळं खवा करणं ही इथली जुनीच रीत. आत्याबाईंनी मला कढईपाशी उभं राहायला शिकवलं आणि बाकीचं मी पुस्तकातनं, बघून, चुकून शिकले. सकाळी शेतकऱ्यांचं दूध घ्यायचं, फॅट तपासायचं, पाणी किंवा दुसरं काही घातलंय का बघायचं, आटवायचं, गार करून पाच-पाच किलोचे गोळे बांधायचे आणि एसटीनं बार्शीला धाडायचे. नवरा एसटीत कंडक्टर, त्यामुळं कुठली गाडी किती वाजता हे घरात पाठच होतं. माझ्याकडं दोन बायका कामाला होत्या.

बंद का पडली, हे चार वाक्यांत सांगता येतं. पण तेव्हा मला एकही नीट सांगता यायचं नाही. शेजारच्या ईट गावाजवळ एका मोठ्या डेअरीचं शीतकरण केंद्र सुरू झालं आणि त्यांनी दुधाला जो दर दिला तो मला परवडेना. त्याच सुमारास बाहेरून स्वस्त खवा यायला लागला. माझा निम्मा माल बार्शीचे एक मिठाईवाले काका घ्यायचे, त्यांनी तो थांबवला. पुढचा एक हंगाम मी ओढला आणि मग थांबले. कामाच्या बायकांना आधीच सांगितलं होतं. दूध घालणाऱ्यांसाठी मी स्वतः त्या शीतकरण केंद्रावर जाऊन बोलले, त्यांची नावं घालून दिली, आणि शेवटचं दूध घेतल्यावरच कढया उतरवल्या. अन्न परवाना परत केला. कर सल्लागारानं जीएसटीची नोंदणी रीतसर रद्द करून दिली. एवढं सगळं नीट करून मी घरी बसले, आणि बसल्यावर मला वाटायला लागलं की माझ्या हातून सहा वर्षांत काहीच झालं नाही.

नोकरीची जाहिरात नवऱ्यानं आणली. त्याच डेअरीला केंद्रासाठी दूध संकलन आणि गुणवत्ता बघणारा पर्यवेक्षक हवा होता. पदवी आणि संकलनाचा किंवा तपासणीचा तीन वर्षांचा अनुभव. नवरा म्हणाला, "बघ तरी." मी बघितलं आणि बाजूला ठेवलं. दोन दिवसांनी परत उचललं आणि गावातल्या कॉम्प्युटर सेंटरवर जाऊन बायोडाटा टाइप करून घेतला. पदवी, शाळेतली दोन वर्षं, आणि पुढं टाइप करणाऱ्यानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, गृहिणी. अर्ज गेला. उत्तर आलं नाही. येणार कसं? जिच्याकडं अनुभव नाही तिला अनुभवाच्या जागेवर कोण बोलावणार?

उत्तर आलं नाही म्हणून मी परत त्या सेंटरवर गेले, आणि आता भट्टीचं घाला म्हणाले. या वेळी टाइप करणारा मुलगा नव्हता, सेंटरचा मालकच बसला होता. उत्साही माणूस. त्यानं कुठल्यातरी नमुन्यावरून मला "संस्थापक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी" करून टाकलं. व्यवसाय वाढवला, टीमचं नेतृत्व केलं, बाजारपेठ काबीज केली असं सगळं इंग्रजीत. वाचताना मला वाटलं, ही बाई मला भेटली तर मी तिच्याशी बोलायलाही बिचकेन. मुख्य कार्यकारी अधिकारी मी, आणि सकाळी उठून कढई घासणारीही मीच.

तो कागद पिशवीत घालून मी धाराशिवला गेले. तिथं सरकारी रोजगार मार्गदर्शन केंद्रात आठवड्यातले काही दिवस एक मॅडम बसायच्या. मूळच्या पुण्याच्या, तिथं कंपन्यांमध्ये भरतीचं काम बरीच वर्षं केलेलं, आणि नवऱ्याच्या बदलीमुळं आमच्या जिल्ह्यात आलेल्या. त्यांचं नाव मला एका शेजारणीनं सांगितलं होतं. आजही मी रस्त्यानं जाताना त्या केंद्राची पायरी दिसली की मनात हात जोडते, अगदी खरं सांगते.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. एकात मी गृहिणी होते, दुसऱ्यात मुख्य कार्यकारी अधिकारी. त्यांनी आधी हा, मग तो असं दोनदा वाचलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "या दोघींपैकी मला कुणाशी बोलायचंय?"

मग त्यांनी कागद बाजूला सारले, पेन मिटवलं आणि विचारलं, भट्टीवर सकाळी पहिलं काम काय असायचं. मी सांगायला लागले. दूध येण्याआधी तपासणीचं यंत्र लावायचं, ते स्वच्छ आहे का बघायचं, मग एकेकाचं दूध. मी सांगत गेले आणि मॅडम विचारत गेल्या. किती जण दूध घालायचे? नेहमीच्या दिवशी किती लिटर? सणासुदीला नको, नेहमीच्या दिवशी. कुणाचं दूध परत केलं कधी? का? त्याला काय सांगितलं? खवा किती दिवस टिकायचा? टिकला नाही तर काय केलं? दर कुणी ठरवायचा? पैसे कधी द्यायचे? असे दीड-दोन तास आम्ही बसलो. मधे चहा आला. मी शाळेत शिकवत होते तेव्हासुद्धा एवढं सलग कुणी माझं ऐकलं नव्हतं.

शेवटी त्या म्हणाल्या, "तुमचा धंदा बंद झाला, काम कुठं बंद झालं? जे केलं ते केलंच की. ते लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त एक करा, लिहाल ते असं लिहा की समोरच्यानं कशावरही बोट ठेवलं तर तुमच्याकडं एक तरी कागद किंवा एक तरी माणूस पाहिजे."

मग त्यांनी मला समजावलं की हुद्द्याच्या जागी काय लिहायचं. मुख्य कार्यकारी अधिकारी हे खोटं नाही, पण वाचणाऱ्याला त्यातनं काही कळत नाही, उलट संशय येतो. मालक एवढंच लिहिलं तर फक्त पैसा घातला असं वाटतं. म्हणून आम्ही लिहिलं, मालक. आणि पुढं स्वल्पविराम देऊन, दूध संकलन, उत्पादन व गुणवत्ता. त्याखाली सुरू झाल्याचा महिना आणि वर्ष, बंद झाल्याचा महिना आणि वर्ष. बंद झाल्याचं वर्ष लिहिताना मी अडखळले. अजून सुरूच आहे असं दाखवता येणार नाही का, असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांनी सांगितलं, जीएसटी रद्द झाल्याची तारीख कुणालाही शोधून सापडते, आणि एक तारीख खोटी निघाली की बाकीचं सगळं खरं असूनही खोटं ठरतं.

खाली पाच ओळी आल्या. साठेक दूध उत्पादकांकडून रोज सरासरी इतकं दूध घेणं, तपासणं आणि दर दहा दिवसांनी हिशेब चुकता करणं. तपासणीत न बसलेलं दूध नाकारण्याची पद्धत. खव्याच्या प्रत्येक घाण्याला क्रमांक आणि नमुना राखून ठेवणं. दोन कामगारांना शिकवणं. आणि पाचवी ओळ, जी मला सुचलीच नसती: व्यवसाय बंद करताना उत्पादकांचं दूध दुसऱ्या केंद्राशी जोडून देणं, परवाना आणि नोंदण्या रीतसर बंद करणं. मी म्हणाले, बंद केल्याचं कशाला लिहायचं, ते तर अपयश. मॅडम म्हणाल्या, "बंद पडणं आणि बंद करणं यात फरक आहे. तुम्ही बंद केलंत. ते सगळ्यांना जमत नाही."

बसमध्ये परत येताना मी ती ओळ परत परत काढून वाचत होते. वर्षभर ज्या गोष्टीमुळं मान खाली घालत होते ती तिथं काळ्या अक्षरात, कामाच्या यादीत बसली होती.

एक गोष्ट मात्र त्यांनी खोडली. मी मोठ्या थंड टाक्यांवर काम केलंय असं लिहू पाहत होते, कारण जाहिरातीत ते होतं. माझ्याकडं फक्त मोठा फ्रीजर होता. मॅडमनी ती ओळ काढून टाकली आणि बजावलं की मुलाखतीत विचारलं तर सांगा, केलेलं नाही, शिकेन.

या वेळी बोलावणं आलं. मुलाखत धाराशिवलाच, डेअरीच्या विभागीय कार्यालयात. समोर दोघं होते: संकलनाचे साहेब, पन्नाशीचे, शांत, आणि मनुष्यबळ विभागाची एक तरुण मुलगी. सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. मग साहेबांनी कागदावर बोट ठेवलं, तारखांवरच.

"बंद का केलं?"

मॅडमबरोबर मी याचा सराव केला होता. एक-दोन वाक्यांत सांगायचं, रडायचं नाही, कुणाला दोष द्यायचा नाही. पण या माणसापुढं ते सांगणं अवघड होतं, कारण त्यातलं एक कारण तेच होते. मी सांगितलं, "तुमच्या केंद्रानं दिलेला दर मला परवडत न्हवता. तेवढा दर देऊन खवा केला असता तर तोटा झाला असता. आणि माझं मोठं गिऱ्हाईक एकच होतं, ते गेलं. एकाच गिऱ्हाइकावर निम्मा माल अवलंबून ठेवायला नको होता, हे मला उशिरा कळलं."

साहेब म्हणाले, "आमच्यामुळं बंद झालं, आणि आमच्याकडंच अर्ज?"

"तुमचा दर शेतकऱ्याला चांगला होता," मी म्हणाले. "मीच माझ्या लोकांना तुमच्याकडं लावून दिलं."

त्यांनी त्या मुलीला काहीतरी लिहायला खुणावलं. पुढचे प्रश्न जास्त खोलात गेले. नात्यातल्या माणसाचं दूध नाकारावं लागलं तर? मी माझ्या चुलत दिरांची गोष्ट सांगितली. त्यांच्या दुधात पाणी लागलं तेव्हा त्यांच्यासमोर दुसऱ्यांदा तपासलं, त्यांच्याच हातानं भांडं भरायला लावलं, आणि तरी आकडा तोच आला. महिनाभर बोलले नाहीत, मग बोलायला लागले. हाताखाली काम करायला जमेल का, असं त्या मुलीनं विचारलं. सहा वर्षं स्वतःची मर्जी, आता दुसऱ्याची. यावर मी विचार करून उत्तर दिलं. सांगितलं की जमेल, पण पहिले काही महिने मी न विचारता सुचवायला जाईन, तेव्हा मला थांबवा, मला राग येणार नाही. पुन्हा धंदा सुरू कराल का? त्यावर, कढया विकल्या आणि परवाना परत केला एवढंच सांगितलं, आणि थंड टाक्यांबद्दल विचारल्यावर, केलेलं नाही, शिकेन.

चार दिवसांनी फोन आला. निवड झाली होती, पडताळणी पूर्ण झाल्यावर पत्र मिळणार होतं. फोनवर त्या मुलीनं काय काय लागेल ते सांगितलं: मागच्या नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या.

फोन ठेवला आणि मी ओट्याला टेकून उभी राहिले. मला कोण मुक्त करणार? मला पगार कुणी दिला होता? आत्याबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "कढईनं लिहून द्यावं का मग?" मला हसू आलं, आणि हसल्यावर जरा डोकं चाललं. मी मॅडमना फोन लावला.

मॅडमना ही अडचण रोजचीच. स्वतःचा धंदा केलेल्या माणसाकडं ही दोन्ही कागदपत्रं नसणारच, त्यांनी सांगितलं, म्हणून डेअरीला आपण होऊन कळवायचं, वाट बघायची नाही. नोकरी नव्हती, स्वयंरोजगार होता, असं लेखी द्यायचं. त्याबरोबर उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र, जीएसटी नोंदणी आणि ती रद्द झाल्याचा आदेश, अन्न परवाना, त्या वर्षांची आयकर विवरणं. कर सल्लागाराचं एक पत्र, की हा व्यवसाय अमुक ते अमुक काळ चालला आणि हिशेब सल्लागाराकडं होते. आणि दोन माणसं, ज्यांना फोन करून विचारता येईल. नात्यातली नकोत. एक माल घेणारा, एक दूध देणारा.

कागद घरात होते. माझ्या स्वभावामुळं एकेक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात लावलेले. कर सल्लागारांनी पत्र त्याच दिवशी दिलं, पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. दूध देणाऱ्यांत मला ईटकडच्या वस्तीवरच्या एका मावशी आठवल्या, ज्यांच्याकडं पाच-सहा म्हशी होत्या आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ज्यांनी दूध घातलं. फोन केला तर त्या म्हणाल्या, "व्हय की, सांगंन. काय सांगू तेवढं सांग." मी म्हणाले, मावशी, तुम्हाला वाटंल ते सांगा.

राहिला माल घेणारा. लहान गिऱ्हाइकं होती, पण निम्मा माल ज्यांनी घेतला त्यांचंच नाव द्यायला हवं, हे मलाही कळत होतं. त्यांना सोडून दुसऱ्याचं दिलं तर कुणीही विचारील, मोठ्याचं का नाही. आणि बार्शीच्या त्या काकांशी, त्यांनी माल थांबवल्यापासून, मी एक शब्द बोलले नव्हते.

नवऱ्याच्या गाडीनं गेले. तो दुकानापर्यंत येतो म्हणाला, मी नको म्हणाले. त्याला परतीच्या गाडीवर ड्यूटी होती, आणि मलाही हे एकटीनंच करायचं होतं. दुपारची वेळ, दुकानात गर्दी नव्हती. काका गल्ल्यावर होते. मला बघून त्यांनी चष्मा काढला. बसा म्हणाले. मुलाला पाणी आणायला सांगितलं. मी कशासाठी आले ते सरळ सांगितलं. नोकरी मिळतेय, माझ्या कामाबद्दल विचारायला फोन येईल, तुमचं नाव देऊ का?

काउंटरवरचं ताट पुसलेलंच होतं, ते काकांनी परत पुसलं. मग म्हणाले, "द्या. पण मी काय सांगीन ते मी ठरवणार. खोटं सांगणार न्हाय."

"खोटं सांगा म्हणायला आलेच न्हाय मी," मी म्हणाले.

तरी परतीच्या बसमध्ये मला एकच गोष्ट आठवत होती. काकांशी माझं एकदा मोठं वाजलं होतं. भट्टीच्या चौथ्या वर्षी रात्रभर वीज गेली आणि फ्रीजर बंद राहिला. सकाळी वरून खवा बरा दिसला म्हणून तो पहिल्या गाडीनं रवाना झाला. तासाभरानं मी राखून ठेवलेला नमुना फोडला तर आंबूस वास. त्याच क्षणी मी काकांना फोन केला, वापरू नका म्हणाले. पण त्यांनी थोडा खवा घेऊन एका साखरपुड्याच्या पेढ्यांना सुरुवात केली होती. सगळं टाकावं लागलं. त्यांच्या ऑर्डरीची वेळ चुकली. ते मला फोनवर जे बोलले ते मी सात जन्मांत विसरणार नाही. मी तो सगळा माल परत घेतला, त्याच दिवशी ताजा पाठवला, आणि दुसऱ्या दिवसापासून वीज गेली की फ्रीजरचं तापमान बघितल्याशिवाय माल हलवायचा नाही असा नियम केला. पण त्यांना हेच आठवलं तर?

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. फोन वाजला की हात पुसत धावायचे. आत्याबाईंनी एकदा चिडून तो फोन स्वतःच्या मांडीवर घेऊन बसायला सुरुवात केली. वाजला की "भूमवरनं बोलतेय" म्हणायच्या, समोर कुणी का असेना.

पत्र आलं. ईटच्या केंद्रावर, सहा महिने परिवीक्षा, पगार ठरल्याप्रमाणे. रुजू व्हायला गेले तेव्हा मनुष्यबळाची ती मुलगी कागदांवर सह्या घेत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, तुमच्या त्या दोन संदर्भांशी मीच बोलले. सांगायचं नसतं, पण सांगते.

मावशींनी तिला सांगितलं होतं, की या बाईनं भट्टी बंद करायच्या आधी आमची सोय लावली, म्हणून आमचं दूध एक दिवसही वाया गेलं न्हाय. एवढंच त्यांनी तीन वेळा सांगितलं होतं, प्रत्येक वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखं.

आणि काका? काकांनी आधी त्या मुलीला सांगितलं की माल मी थांबवला, दरासाठी थांबवला, मालात खोट नव्हती, हे पहिलं लिहून घ्या. मग त्यांनी तो साखरपुड्याचा किस्सा काढला. अगदी सविस्तर. मुलगी म्हणाली, "ते म्हणाले, इतकी वर्षं दुकान चालवतोय, खराब माल गेल्यावर मला स्वतःहून फोन करणारी ही एकच. बाकीच्यांना मी फोन करतो."

मी त्या मुलीसमोर रडले नाही, हे माझं नशीब. बाहेर येऊन केंद्राच्या मागं टँकर उभे असतात तिथं जाऊन उभी राहिले.

माणसं आपल्याबद्दल काय लक्षात ठेवतात ते आपल्याला कळत नाही. ज्या दिवसाची मला लाज वाटायची तोच त्यांनी माझ्या बाजूनं ठेवला होता. मी एकटी बसून लिहिला असता तर माझ्या बायोडाट्यात तो दिवस कधीच आला नसता.

नोकरी सोपी नव्हती. थंड टाक्यांचं काम शिकायला वेळ लागला. पहिल्या महिन्यात साहेबांना न विचारता मी दूध घ्यायची रांग बदलली आणि त्यांनी मला शांतपणे आठवण करून दिली की मुलाखतीत तुम्हीच सांगितलं होतं, थांबवा म्हणून. थांबले. पुढच्या महिन्यात त्यांनीच विचारलं, रांगेचं तुमचं काय म्हणणं होतं. वस्तीवरच्या मावशी दूध घेऊन येतात तेव्हा सगळ्यांदेखत मला "आमची बाई" म्हणतात. तपासणीत मात्र त्यांना कसलीही सूट मिळत नाही, आणि त्या मागतही नाहीत. परिवीक्षा संपल्याचं पत्र मिळालं त्या संध्याकाळी मी मॅडमना फोन केला. त्यांच्या नवऱ्याची परत बदली झाली होती, त्या सामानाची बांधाबांध करत होत्या. आभार मानायला लागले तर म्हणाल्या, आभार राहू द्या, आता बायोडाट्यात सगळ्यात वर ही नोकरी घाला. भट्टी तिच्याखाली तशीच राहू द्या, काढू नका.

त्याच्या बरंच आधी, पहिल्या पगारानंतरच्या सुट्टीत मी बार्शीला गेले होते. काकांसाठी काही न्यावं तर काय न्यावं? मिठाईवाल्याला मिठाई नेता येत नाही. शेवटी आत्याबाईंनी घरच्या कढईत, चुलीवर, थोडासा खवा आटवून दिला, अर्धा किलोही नसेल. काकांनी डबा उघडला, बोटानं थोडा घेतला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून उभे राहिले. मी आभार मानायचं वाक्य बसमध्ये तयार करून गेले होते, ते माझ्या तोंडातच राहिलं.

"कढई जरा जास्त तापली," ते म्हणाले.

"आत्याबाईंना सांगते."

"न्हाय, त्यांना नका सांगू." त्यांनी डबा झाकला आणि गल्ल्यामागच्या फळीवर, स्वतःच्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवला. मग मुलाला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला, आणि केंद्रावर सध्या म्हशीच्या दुधाला काय फॅट लागतंय, असं विचारत माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.